इलेक्ट्रिक गाड्या बेसमेंटबाहेर काढण्याआधी पंप रूममध्ये जाऊन या

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच विषय पेटलाय, इलेक्ट्रिक गाड्या बेसमेंटमध्ये लावू द्यायच्या नाहीत. मी फायर सिस्टीमच्या मेंटेनन्सच्या कामात आहे, मुंबईतल्या सोसायट्यांच्या पंप रूममध्येच दिवस जातो, त्यामुळे यावर गप्प बसवत नाही.

ग्रुपवर सगळे कोरियाचं उदाहरण देतायत. ऑगस्ट 2024, इंचॉनमधलं मोठं अपार्टमेंट कॉम्प्लेक्स, बेसमेंटमध्ये नुसतीच उभी असलेली इलेक्ट्रिक गाडी सकाळी सकाळी पेटली, चार्जिंगलाही लावलेली नव्हती. आग विझायला आठ तास लागले, 23 जण धुरामुळे हॉस्पिटलमध्ये गेले, कित्येक गाड्या जळाल्या आणि शेकडो काजळीने खराब झाल्या. पण पुढचा भाग कोणी फॉरवर्ड करत नाही. तिथे स्प्रिंकलर होते! डिटेक्टरने धूर पकडला, पॅनल वाजलं, आणि ड्युटीवरच्या माणसाने खरंच आग आहे का हे बघायच्या आधीच सिस्टीम थांबवायचं बटण दाबलं. पाचेक मिनिटांनी ते परत सोडलं, पण तोवर पाणी सुरू होण्याची वेळ निघून गेली होती.

आणि नुसती बॅटरी हाच प्रॉब्लेम असेल तर इंग्लंडमधल्या ल्यूटन एअरपोर्टचं बघा. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथल्या मल्टी लेव्हल कार पार्कमध्ये आग लागली ती डिझेल गाडीला. सुमारे 1,400 गाड्या गेल्या, इमारतीचा काही भाग कोसळला, आणि तिथे स्प्रिंकलर नव्हतेच.

आता स्प्रिंकलर नेमकं काय करतो ते सांगतो, कारण लोकांना वाटतं तो गाडी विझवतो. बॉनेटखालची किंवा बॅटरीतली आग वरून पडणाऱ्या पाण्याने बहुतेक वेळा विझत नाही, पाणी तिथपर्यंत पोचतच नाही. तो शेजारच्या गाड्या ओल्या ठेवतो आणि छताखालची गरम हवा थंड करतो, म्हणजे एका गाडीची आग एक-दोन गाड्यांवर थांबते आणि फायर ब्रिगेडला आत शिरता येतं. प्रत्येक हेडमध्ये काचेची छोटी नळी असते, लाल रंगाची असेल तर साधारण 68 डिग्रीला फुटते, आणि फुटते ती फक्त आगीच्या वरची, सिनेमात दाखवतात तसे सगळे एकदम सुरू होत नाहीत.

तिथे सिग्नल मिळाल्यावरच पाइपमध्ये पाणी सुटणार होतं. आपल्याकडे पाइपमध्ये बहुतेक ठिकाणी कायम पाणी भरलेलं असतं, त्यामुळे कोरियासारखं बटण दाबून ते अडत नाही. आपल्याकडे अडतं ते वेगळ्या कारणांनी. कुठेतरी लिकेज झालं म्हणून व्हॉल्व्ह बंद केला आणि परत उघडलाच नाही, किंवा पंप रात्री आपोआप चालू होऊन आवाज करतो म्हणून सिलेक्टर स्विच ऑटोवरून ऑफवर टाकला. मी किती पंप रूममध्ये हे बघितलंय! प्रेशर गेजचा काटा शून्यावर आणि फाइलमध्ये सिस्टीम चालू असल्याचं सांगणारा फॉर्म बी व्यवस्थित लावलेला. महाराष्ट्राच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे हा फॉर्म जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो, पण कागदाने पाइपमध्ये प्रेशर येत नाही.

दुसरी गोष्ट स्टॅक पार्किंगची, मुंबईत तर आता जिकडेतिकडे हेच. वरच्या पॅलेटवर एक गाडी, खाली दुसरी, आणि स्प्रिंकलर फक्त छताला. खालची गाडी पेटली तर वरची गाडी आणि पॅलेट मिळून छत्रीसारखं सगळं पाणी अडवतात, आणि ज्वाळा थेट वरच्या गाडीच्या तळाला लागतात. म्हणून प्रत्येक लेव्हलला बाजूने मारणारे वेगळे हेड लागतात. बिल्डरने ते दिलेत का, एवढं वाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

आणि धूर. त्यानेच माणूस जास्त मरतो. ऑक्टोबर 2023 मध्ये गोरेगावच्या एका एसआरए इमारतीत आग पार्किंगमध्येच लागली होती, मध्यरात्रीनंतर, घरात झोपलेली माणसं गेली. बेसमेंटला तर खिडक्याच नाहीत, धूर छतावरून काही मिनिटांत तोंडाच्या उंचीवर येतो आणि जवानांना गाडी कुठली पेटलीय तेही दिसत नाही. म्हणून नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये आगीच्या वेळी तासाला 12 वेळा हवा बदलेल एवढे फॅन सांगितलेत, तेही 250 डिग्रीला दोन तास टिकणारे. आपल्याकडे बिल येतं म्हणून फॅनचा एमसीबी खाली, आणि हवा आत येण्याच्या शाफ्टसमोर कोणाचा तरी जुना सोफा. आत हवा आली नाही तर एक्झॉस्ट बाहेर तरी काय फेकणार?

माझं कमिटीला म्हणणं एवढंच आहे, गाड्यांवर ठराव नंतर करा. या रविवारी एएमसीवाल्याला बोलवा, बेसमेंटच्या सगळ्यात लांबच्या टोकाचा टेस्ट व्हॉल्व्ह उघडायला लावा आणि एकाने पंपाशी उभं राहा, पंप कोणी हात न लावता सुरू होतो का ते बघा. मग पॅनलवरून फायर मोड द्यायला सांगा आणि एक्झॉस्टच्या ग्रिलला कागद धरा, चिकटला तर फॅन ओढतोय, खाली पडला तर त्याच दिवशी दुरुस्ती लावा.