एक्स्टेंडेड वॉरंटी वाया कशी घालवावी

टीव्हीचं बिल होत असताना काउंटरवरचा मुलगा म्हणेल, "सर, फक्त साडेचार हजारांत दोन वर्षं टेन्शन नाही." लगेच हो म्हणा. अटींचा कागद मागू नका. तो मेलवर येतो. आला नाही तरी विचारू नये, पोराला वाईट वाटतं.

बिलावरचा सिरियल नंबर टीव्हीच्या पाठीवरच्या नंबराशी ताडून पाहू नका. तेवढी एक पळवाट समोरच्याला राहू द्या.

समजा, टीव्ही ऑक्टोबर २०२३मध्ये ५२ हजारांना घेतला. पहिलं वर्ष कंपनीचं, पुढची दोन या योजनेची, आणि दावा मंजूर करणार योजनेमागची विमा कंपनी. फेब्रुवारी २०२५मध्ये स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ आली. तंत्रज्ञ येईल, दोन मिनिटं बघेल आणि जॉबशीटवर लिहील 'पॅनेल डॅमेज'. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की पॅनेल गेलं, बदलावं लागेल. विमा कंपनीच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ होतो की तुम्ही टीव्हीला काहीतरी फेकून मारलंत. बाहेरून झालेली मोडतोड योजनेत बसत नाही, दावा नामंजूर. तेव्हा न वाचता सही करा. चुकूनही स्क्रीन बंद करून, तिरपा टॉर्च मारून काचेचा फोटो काढू नका. कारण फटका बसलेल्या पॅनेलवर बहुतेकदा आघाताचा एक बिंदू दिसतो, तिथून कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पसरतात आणि शाई सांडल्यासारखा काळा डाग पडतो. काच धड आहे आणि सरळ, एकसारख्या जाडीची उभी रेघ आहे, तर संशय पॅनेलच्या काठाला चिकटवलेल्या पातळ फितींवर जातो. त्यांचा जोड सुटला की तेवढा पट्टा मरतो. म्हणजे तो आतला बिघाड, ज्यासाठी तुम्ही साडेचार हजार मोजले तोच! 'काचेवर तडा वा आघाताची खूण नाही' एवढं एक वाक्य तंत्रज्ञाकडून जॉबशीटवर लिहून घेतलं, तर समोरच्याची निम्मी हवा जाते. पण एवढा बिचारा उन्हातून आलेला माणूस, त्याला कुठे त्रास द्यायचा?

नकाराचा मेल आला की दुकानात जा. "आमच्या हातात काही नाही, इन्शुरन्सवाल्यांनी रिजेक्ट केलं." विमा कंपनीला फोन करा. "पॉलिसी दुकानाच्या नावावर आहे, तुम्ही त्यांच्याशी बोला." दोघांमधलं हे टपाल फुकटात वाहत राहा. दोन वर्षं वाहिलंत की ग्राहक आयोगाची मुदतच संपते. ती नकाराच्या तारखेपासून धावते, तुमच्या शेवटच्या फोनपासून नाही.

बस झालं. बिल काढा आणि पैसे कुणी घेतले ते वाचा.

योजनेची रक्कम दुकानाच्या बिलावर असेल आणि विमा कंपनीचं नाव तुम्हाला कुठेच दिलेलं नसेल, तर तुमचा करार दुकानाशी आहे. दुकान म्हणेल, आम्ही नुसते एजंट. मग भारतीय करार कायदा, १८७२चं कलम २३० दाखवा: ज्याच्या वतीने व्यवहार केला त्याचं नाव एजंटाने उघड केलं नसेल, तर एजंटच बांधील असल्याचं गृहीत धरलं जातं. दुकानाने आपली जोखीम पुढे कुणाकडे उतरवली, हा त्याचा घरचा मामला.

तुमच्या नावाचं विमा प्रमाणपत्र हातात असेल, तर विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकारच आला, तर विमा लोकपाल आहेत. नकारापासून वर्षभरात जायचं. पण लोकपाल दुकानाला हात लावू शकत नाहीत आणि तेच प्रकरण आयोगात चालू असेल तर तुमची तक्रार घेत नाहीत. दोघांनाही पकडायचं असेल तर थेट जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथे दाखल करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, 'ई-जागृती' पोर्टलवर घरबसल्या होते. सामनेवाले क्र. १ दुकान: अटी न देता योजना विकली. क्र. २ विमा कंपनी: आतला बिघाड मोडतोड ठरवला. आणि मागणी करताना 'वैयक्तिक व संयुक्तिकरीत्या' हे शब्द घाला, म्हणजे वसुलीच्या वेळी एकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही.

अहो दुकानदार, साडेचार हजार घेताना इन्शुरन्सवाल्यांना विचारायला गेला होतात का? मशीनमध्ये कार्ड तुम्ही घासलंत, पावती तुमची, शिक्का तुमचा. आणि टीव्ही बंद पडला की एकदम वर कुणीतरी साहेब बसलेले असतात!

आणि तुम्ही, अजून कस्टमर केअरचं संगीत ऐकताय? ठेवा तो फोन. नकार का दिला ते कलमासकट लेखी मागा, आजच, मेलवर, दोघांनाही एकाच मेलमध्ये.