पहिला मोरया, मग माइक

अष्टविनायकाच्या बसमध्ये स्वागताचं भाषण हडपसरचा शेवटचा पिकअप झाल्याशिवाय सुरू करायचं नाही, हे मी शिकलो. आधी सुरू केलं की प्रत्येक थांब्यावर नवीन माणूस चढून विचारतो, "काय म्हणाले?" आणि तिथून थेऊर अर्ध्या-पाऊण तासावर, म्हणजे मनसोक्त बोलायलाही वाव नाही.

त्या दिवशी पस्तीस जण होते. महिला मंडळाच्या अकरा जणी, कंपनीतले चार तरुण (झोपलेले), नवं जोडपं (जागं, पण इथे नसलेलं), एक गुजराती काका-काकू आणि पहिल्या सीटवर निवृत्त मास्तर.

"गणपती बाप्पा..." म्हणालो. मंडळाने "मोरया" इतका जोरात दिला की माइक किंचाळला.

"आज थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव, मुक्काम ओझरला. उद्या लेण्याद्री, महड, पाली."

मास्तरांचा हात वर. "शास्त्रात मोरगाव पहिलं. शेवटही मोरगावलाच."

हे दर ट्रिपला होतं. शास्त्रातला क्रम पाळला तर सिद्धटेकहून थेट कोकणात पाली-महड गाठायचं, परत घाट चढून थेऊरला यायचं आणि तिथून जुन्नरकडे. दोन दिवसांत फक्त बस दिसेल. मी म्हटलं, "मास्तर, क्रम बाप्पाचा, रस्ता डिझेलचा." गुजराती काका मोठ्याने हसले. त्यांना नेमकं काय कळलं ते मला कळलं नाही.

मग लेण्याद्री. "पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत," म्हटल्यावर झोपलेले चौघेही जागे झाले. "डोली मिळते. माकडं असतात, हातात पिशवी दिसू देऊ नका." एका काकूंनी लगेच विचारलं, "चहा कुठे?" अख्ख्या भाषणात खरा कान टवकारला गेला तो या उत्तराला.

वेळ सांगताना "अर्धा तास" म्हणायचं नाही. प्रत्येकाचा अर्धा तास वेगळा असतो. कुणाचा दर्शनाने सुरू होतो, कुणाचा पेढ्यांनी. घड्याळातली वेळ सांगायची, तीही पंधरा मिनिटं अलीकडची. आणि बसच्या नंबरातले शेवटचे चार आकडे तीनदा म्हणवून घ्यायचे, कारण पार्किंगमध्ये सगळ्या बसेस पांढऱ्या आणि सगळ्यांच्या काचेवर गणपती.

पुढच्या सीटचा वादही तिथेच मिटवला: दर देवळानंतर सीट बदलणार. मास्तर नाराज, बाकी बस खूश.

थेऊरला दर्शन झालं, सगळे वेळेत परतले. मी डोकी मोजली. छत्तीस.

पुन्हा मोजली. छत्तीसच. पहिल्या सीटवर, खिडकीशी, मांडीवर प्रसादाची पिशवी घेऊन एक आजी गाढ झोपल्या होत्या. त्या आमच्या नव्हत्याच. मास्तर शेजारी उभे राहून मला म्हणाले, "नियमाप्रमाणे सीट बदललीय. उठवू नका."