'टक' वाजलं म्हणजे रिले ठीक?

"इग्निशन चालू करून रिलेवर बोट ठेवा. टक आवाज आला की रिले ठीक. सॉकेटमध्ये मल्टिमीटरला 12 व्होल्ट दिसले की वायरिंगही ठीक. तरी रेडिएटरचा पंखा फिरत नसेल तर मोटर गेली, बदलून टाका."

रेडिएटरचा पंखा बंद पडला की असा सल्ला मिळतो. आधी 'टक'. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. तो आवाज त्यातल्या कॉइलने पत्री ओढल्याचा. म्हणजे 85 आणि 86 या पिनांचं काम झालं, एवढंच. पंख्याचा करंट जातो 30 वरून 87 कडे, आणि ते पॉइंट काळे पडले असले तरी आवाज तसाच येतो. म्हणून रिले बाहेर काढा. 85-86 मध्ये साधारण 60 ते 120 ओहम दिसायला हवेत. मग त्याच दोन पिनांना बॅटरीचे 12 व्होल्ट देऊन 30-87 मोजा: मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा केल्यावर जवळपास शून्य आलं पाहिजे. कव्हरवर डायोडची खूण असेल तर प्लस-मायनस उलटं लावू नका, डायोड जळेल.

आता ते 12 व्होल्ट. खरी गफलत इथे आहे.

शेजारच्या काकांची गाडी मे महिन्यात सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तापायची. एसी लावला तरी पंखा ढिम्म. गॅरेजवाल्याने नवी मोटर सांगितली होती. रिले वर सांगितल्याप्रमाणे तपासला, तो चोख निघाला. सॉकेटच्या 30 नंबरच्या खाचेत मीटरने 12.5 व्होल्ट दाखवले. वरचा सल्ला मानला असता तर मोटर बदलली असती. पण मीटर जवळपास करंट ओढतच नाही, त्यामुळे गंजलेल्या टर्मिनलमधूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. म्हणून त्याच खाचेतून 21 वॉटचा इंडिकेटरचा बल्ब बॅटरीच्या मायनसला जोडला. बल्ब मिणमिणला आणि मीटर 5 व्होल्टवर आलं. बल्ब तर पावणेदोन अँपिअरच ओढतो, पंख्याला त्याच्या कितीतरी पट लागतात.

सॉकेट उलटं करून पाहिलं तर 30 चं टर्मिनल हिरवं पडलेलं, पाकळ्या फाकलेल्या. बहुधा आधी कुणीतरी मीटरची जाड सुई त्यात कोंबली असणार. म्हणून खाचेत नेहमी रिलेच्या पिनेएवढी पातळ पट्टी घाला. बॅटरीचा मायनस काढून टर्मिनल बदललं, परत बल्ब लावला. 12.2 व्होल्ट, लख्ख उजेड.

मोटरचा निकाल लावायचा असेल तर 30 आणि 87 या खाचा फ्यूज असलेल्या जाड वायरने जोडा. हात पात्यांपासून लांब ठेवा. 30 वर बल्ब लख्ख पेटतोय आणि तरीही पंखा हलत नाही, तर दोष 87 च्या पुढे आहे. पण तेव्हाही मोटरच्या प्लगवर, अर्थिंगच्या बाजूलाही, हाच बल्ब लावून बघा. काकांचा पंखा त्या वायरवर लगेच फिरला. मोटर जुनीच आहे.