कॉपीचा अहवाल आणि पर्यवेक्षकाची नोकरी

“परिपत्रक काहीही म्हणो, वर्गात कॉपी सापडली तर चिठ्ठी फाडा, मुलाला समज द्या आणि विषय संपवा. अहवाल दिला की निलंबन आपलेच होते. जागांची अदलाबदल केली तरी कोणी बघत नाही.”

दहावी-बारावीच्या पर्यवेक्षकांमध्ये दरवर्षी फिरणाऱ्या या सल्ल्यामागे खरी भीती आहे, म्हणून आधी निलंबनाचेच पाहू. कारवाईच्या बातम्या बहुधा अशा असतात की भरारी पथक वर्गात शिरते, मुलांकडे चिठ्ठ्या सापडतात आणि पर्यवेक्षकाने एकाचीही नोंद केलेली नसते. तिथे दोष नोंद नसण्याचा असतो. ज्याने स्वतः गैरप्रकार पकडून वेळेसह लिहून दिला, त्याच्याकडे आपण पाहत होतो याचा पुरावा असतो. १९८२ च्या परीक्षा गैरप्रकार प्रतिबंधक अधिनियमाखाली कॉपीला साहाय्य करणे हा गुन्हा आहे, आणि पाहूनही गप्प राहिलेल्या माणसाला आपण साहाय्य केले नाही हे पटवून देणे फार अवघड जाते.

चिठ्ठी फाडणे तर सर्वांत घातक, कारण त्याने पुरावा आपल्याच हाताने जातो. एका केंद्रावर अकराचा पेपर सुरू होऊन तासभर झाला असताना माझ्या वर्गातील एका मुलाच्या प्रवेशपत्राखाली चिठ्ठी दिसली. मी ती उत्तरपत्रिकेसह ताब्यात घेतली, वेळ टिपली, शेवटच्या लिहिलेल्या ओळीखाली रेघ मारून सही केली आणि जागा न सोडता शिपायाकरवी केंद्रसंचालकांना बोलावले. त्यांच्यासमोर मुलाचा लेखी जबाब झाला, मग माझा. चिठ्ठीतला मजकूर त्याने उत्तरात उतरवला होता की नाही, हे त्या रेघेमुळे तपासता आले. मुलाला दरडावून जबाब लिहवून घ्यायचा नसतो; त्याने नकार दिला तर नकाराचीच नोंद करावी. शिक्षा ठरवणे आपले काम नाही, ते मंडळाचे आहे, आणि हे कळल्यावर माझ्या मनावरचे ओझे बरेच हलके झाले.

आता जागांविषयी. एका वर्गात २५ परीक्षार्थी आणि नागमोडी क्रमाने बैठक क्रमांक, ही रचना नजर ठेवण्यापुरती नाही. उत्तरपत्रिका तपासताना दोन उत्तरे चुकांसकट सारखी निघाली, तर ते दोघे शेजारी होते का, हे बैठक आराखड्यावरूनच कळते. पंख्याखाली हवे म्हणून एखाद्याला हलवले आणि आराखड्यात तसे लिहिले नाही, तर निर्दोष मुलावर संशय येतो व दोषी सुटतो. बाक मोडला तर बदल करावाच लागतो. तेव्हा केंद्रसंचालकांना सांगून दोन्ही बैठक क्रमांक, वेळ आणि कारण त्याच दिवशी लिहावे.

एक गोष्ट मान्य करायला हवी: केंद्रावर गैरप्रकार नोंदला गेला की पुढील वर्षी त्या केंद्राकडे अधिक कडकपणे पाहिले जाते, आणि त्यामुळे शाळेकडून दबाव येतो. अशा वेळी अहवालाची प्रत देऊन पोच घ्यावी, तोंडी सांगण्यावर थांबू नये.