मामा पालक नाही

रात्री पावणेअकराला अक्काचा फोटो आला. खाली एकच ओळ: "ह्याचं मराठी करून दे, पोराला पुण्याला गाणं ऐकायला जायचंय." मी सूत गिरणीच्या ऑफिसात इंग्रजी पत्रं लिहितो, एवढ्या भांडवलावर भवानी पेठेपासून सात रस्त्यापर्यंतचे सगळे नातेवाईक मला दुभाषा समजतात.

भाच्याच्या मोबाइलवरच्या तिकिटाचा फोटो अक्काने स्वतःच्या मोबाइलने काढला होता. कोपऱ्यात तिचा अंगठा होता, आणि ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा नेमका नियमांवरून गेला होता. पहिलीच ओळ "तिकिटं refundable" अशी वाचता येत होती. अक्काने तेवढं वाचून घेतलंच होतं. "परत मिळतात की रे पैसे." मी म्हटलं, थांब, नीट स्क्रीनशॉट पाठव. तो आला आणि उजेडाखालून 'non-' निघालं. तीन अक्षरं आणि एक आडवी रेघ, पण अख्खा अर्थ तिथंच होता.

मग खालची ओळ वाचली. कार्यक्रम आयोजकांनी रद्द केला तर तिकिटाची मूळ किंमत परत, सुविधा शुल्क वगळून. तिकीट 1,500 रुपयांचं, वर 180 शुल्क, म्हणजे 1,680 गेलेत आणि फार तर 1,500 येतील. तेही ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात. पैसे भाच्याच्या मित्राच्या खात्यातून गेलेले. म्हणजे कार्यक्रम रद्द झाला तर मित्र श्रीमंत.

"आणि पुढं ढकलला तर?"

"तर रद्द नाही. तेच तिकीट नव्या तारखेला चालेल असं लिहिलंय. पैसे देतील असं कुठंच लिहिलेलं नाही."

"आणि पोराला ताप आला तर?"

"ताप पोराचा, आयोजकांचा नाही."

फोन स्पीकरवर असणार, कारण इथं दाजी मध्ये पडले. "एकदा बाहेर पडलं की परत आत नाही, असं पोरगं म्हणतंय. खरं का?" मी म्हटलं, खरं आहे, 'no re-entry'. "मग मावा खायला कुठं जायचं?" तंबाखूची पुडी गेटवरच काढून घेतील हेही त्यांना सांगावं लागलं. थोडा वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज आला.

खरी मेख वयाच्या नियमात होती. प्रवेश सोळा पूर्ण झालेल्यांना, अठराच्या आतल्याने 'parent or legal guardian' बरोबर आणायचा. भाचा सतरा वर्षांचा आहे. मी घाईत लिहून पाठवलं: "अठराखालच्यांसोबत पालक हवेत." अक्काचं उत्तर लगेच आलं. "मग तूच जा की. मामा म्हणजे पालकच."

चूक माझीच. मराठीत पालक म्हटलं की शाळेच्या मीटिंगला जो येतो तो पालक. जावळाच्या आणि कान टोचायच्या वेळी हे पोरगं माझ्याच मांडीवर रडलं होतं, पण तो पुरावा गेटवर चालत नाही. 1956 च्या कायद्याने हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक बाप, त्याच्यानंतर आई. बाकी कुणाला पालक व्हायचं तर मृत्युपत्र नाहीतर कोर्टाचा हुकूम लागतो. एका रात्रीत मामाला कोर्ट कुठलं मिळणार! मी ओळ सुधारली: "आई किंवा वडील स्वतः हवेत. मामा चालेलच असं नाही."

"अरे, पण पुढच्याच आठवड्यात अठरा पूर्ण होतायत त्याला."

"वय कार्यक्रमाच्या दिवशी धरतात गं, तसं तिकिटावरच लिहिलंय. आणि कार्यक्रम वाढदिवसाच्या आधी आहे. आणि ओळखपत्र मागितलंय, आधारवर जन्मतारीख असतेच की."

म्हणजे दाजी जाणार हे ठरलं. सोबत येणाऱ्यालाही वेगळं तिकीट लागतं, हे मी हळू आवाजात सांगितलं.

तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर टिंग वाजलं. अक्काने नीट आलेला स्क्रीनशॉट सगळ्यांना पाठवला होता, "आमचं पोरगं पुण्याला चाललंय" म्हणून. ग्रुपात त्रेसष्ट माणसं, आणि फोटोत काळ्या चौकटीचा क्यूआर अख्खा. हा क्यूआर गेटवर जो आधी दाखवेल तो आत जातो, मागून येणाऱ्याला मशीन 'वापरलेलं तिकीट' म्हणतं, मग तुम्ही कितीही खरे असा. मी ओरडलो, "आधी डिलीट कर! सगळ्यांसाठी!" अक्काने केलं. तोवर एका मावशीने खाली विचारलं होतं, "हे रांगोळीचं डिझाईन कुठलं?"

दुसऱ्या दिवशी दाजींचंही तिकीट काढलं. संध्याकाळी त्यांचा फोन. "ह्याच्यावर 'standing' लिहिलंय. म्हणजे?"

"उभं राहून ऐकायचं, दाजी. खुर्ची नाही."

"चार तास?"

"साधारण."

"दीड हजार देऊन उभं?" दाजी जरा थांबले. "एसटीत उभं राहिलं तर निदान पुणं तरी येतं बे."