क्लेम बुडवायचाय? मग ग्राहकाशी प्रेमाने वागा

एक्स्पोर्ट करता, क्रेडिट इन्शुरन्स पण घेतलाय, आणि परदेशातल्या ग्राहकाने पैसे थकवलेत? अभिनंदन. आता हा क्लेम पक्का बुडवायचा कसा ते मी सांगतो, कारण सोलापुरात टॉवेलच्या धंद्यात माझ्याइतका अनुभवी माणूस तुम्हाला सापडायचा नाही. आपल्याकडे १९५७ पासून ईसीजीसी ही सरकारी विमा कंपनी आहे, आता खासगी कंपन्या पण हे काम करतात, माझी पॉलिसी कुणाची होती ते सोडा, त्यांचा काही दोष नाही, सगळं कर्तृत्व माझं आहे.

लोकांचा एक गैरसमज असतो की क्लेम बुडतो तो फॉर्म भरताना. अजिबात नाही हो. फॉर्म भरायची वेळ येते तोवर सगळं आटोपलेलं असतं. खरं काम होतं ते पैसे थकल्याच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत, व्हॉट्सॲपवर, "नो प्रॉब्लेम" टाइप करताना.

माझीच केस घ्या. ग्राहक जर्मनीतला, हॅम्बुर्गला गोडाऊन, अटी डी/ए ९० दिवस बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल बोटीवर चढल्याच्या कागदाच्या, तारखेपासून. म्हणजे त्याने हुंडीवर सही करायची, कागद सोडवून माल उचलायचा आणि ९० दिवसांनी पैसे द्यायचे. या ग्राहकावर इन्शुरन्सवाल्यांनी मंजूर केलेली लिमिट ७५,००० डॉलर, कव्हर ९० टक्के. पहिला कंटेनर १२ जानेवारी २०२४ ला न्हावाशेवाहून बोटीवर चढला, ४१,६०० डॉलरचा, इकडे गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली त्यामुळे कामगार मिळेनात तरी आम्ही वेळेत भरला. दुसरा २० फेब्रुवारीला, ३८,२०० चा. बेरीज करा, ७९,८०० झाले, लिमिटच्या वर. पण बेरीज करायची कशाला, ग्राहक चांगला आहे ना! लिमिट वाढवून मागायला एक अर्ज लागला असता, तेवढा वेळ कुणाला आहे.

पहिल्या बिलाची ड्यू डेट ११ एप्रिल. पाडवा होऊन दोनच दिवस झालेले, त्या दिवशी ईदची सुट्टी, बँक बंद, म्हटलं उद्या येतील. उद्या आले नाहीत. परवा पण नाही. आठवड्याने ग्राहकाचा मेसेज आला, आणि इथून पुढे नीट शिका. त्याचं म्हणणं असं की तांबड्या समुद्रात हुथींच्या हल्ल्यांमुळे बोट आफ्रिकेला वळसा घालून आली, माल मार्चच्या पहिल्या आठवड्यात मिळाला, तर ९० दिवस तिथून धरूया, जूनच्या सुरुवातीला पैसे देतो. आता बोट खरंच केप ऑफ गुड होपवरून गेली होती, तेव्हा बहुतेक सगळ्याच जात होत्या. पण हुंडीवर तारीख बिल ऑफ लेडिंगपासूनची, आणि त्याने तीच हुंडी ॲक्सेप्ट केलेली. बोट उशिरा पोचली हा त्याचा प्रश्न, ड्यू डेट जागची हलत नाही.

मी काय केलं? "नो प्रॉब्लेम सर, टेक युअर टाइम" आणि वर हात जोडलेला इमोजी. ह्याला पॉलिसीच्या भाषेत मुदतवाढ म्हणतात आणि माझ्या पॉलिसीत त्याला आधी इन्शुरन्सवाल्यांची परवानगी लागत होती. मी इमोजीने दिली.

दुसरी युक्ती, बँकेला प्रोटेस्टची सूचना देऊ नका. ॲक्सेप्ट केलेली हुंडी थकली की तिकडच्या नोटरीकडून ती थकल्याची अधिकृत नोंद करून घेता येते, उद्या तिकडच्या कोर्टात गेलं तर तो कागद कामाला येतो. पण बँकेमार्फत बिलाचे पैसे वसूल करायच्या, म्हणजे कलेक्शनच्या, आंतरराष्ट्रीय नियमांत, म्हणजे यूआरसी ५२२ मध्ये, साफ लिहिलंय की कागदांसोबत बँकेला दिलेल्या कव्हरिंग लेटरमध्ये स्पष्ट सूचना नसेल तर प्रोटेस्ट करायला बँक बांधील नाही. त्या लेटरवर एक चौकोन असतो, त्यात टिक करायची. माझा चौकोन रिकामा, कारण आमच्या अकाउंटंटला वाटलं ग्राहकाला राग येईल, आणि मलाही तसंच वाटलं. ग्राहकाला राग आला नाही. पैसे पण आले नाहीत.

आता तिसरी आणि माझी सगळ्यात लाडकी. पॉलिसीत लिहिलंय की बिल ३० दिवसांच्या वर थकलं की दोन गोष्टी, एक म्हणजे त्या ग्राहकाला नवीन माल पाठवलात तर तो कव्हरमध्ये नाही, आणि दुसरं म्हणजे महिनाअखेरीची थकबाकी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत कळवायची. ११ एप्रिलला ३० दिवस मिळवा, ११ मे येते. मी तिसरा कंटेनर कधी चढवला? १८ मे. २९,५०० डॉलर. कारण माल तयार होता, रंग त्याच्या पसंतीचा, कडेला त्याचा लोगो विणलेला, दुसऱ्या कुणाला विकणार, आणि तो म्हणाला की तिसरा आला की तिन्हीचे एकदम देतो. हे वाक्य ऐकलं की समजून घ्यायचं, आता आपल्याच टॉवेलने आपलेच डोळे पुसायचे.

आणि १५ जूनचं डिक्लेरेशन? त्यात पहिलं बिल यायलाच हवं होतं, मेअखेरीला ते ५० दिवस थकलेलं होतं. मी "निरंक" लिहून पाठवलं. का, तर इन्शुरन्सवाल्यांनी ग्राहकाला पत्रबित्र पाठवलं तर संबंध बिघडतील. दुसऱ्या बिलाची ड्यू डेट २० मे, ते पण एव्हाना थकलेलं, त्याचे ३० दिवस १९ जूनला भरले. जूनअखेरच्या डिक्लेरेशनमध्ये दोन्ही यायला पाहिजे होती, तिथेही निरंक, एकदा निरंक लिहिलं की पुढच्या वेळी बदलायला लाज वाटते ना. तोवर बँकेने पहिलं डिस्काउंट केलेलं, म्हणजे ज्यावर मला आगाऊ पैसे दिलेले, ते बिल क्रिस्टलाइज करून, म्हणजे डॉलरचे रुपये करून, ते माझ्या खात्यावर नावे टाकलेलं, व्याज सुरू. बँकेला संबंध बिघडायची भीती नसते.

पण हे सगळं करूनही क्लेम थोडाफार जिवंत राहू शकतो बरं का. मुदतवाढ, उशिरा कळवणं, यावर कधी कधी समजूत घालता येते. पूर्ण ठार मारायचा असेल तर चौथी गोष्ट लागते आणि ती ग्राहक स्वतः आणून देतो.

१४ जूनला ईमेल आला. टॉवेल धुतल्यावर रंग जातो म्हणे. माल मार्चमध्ये मिळाला, एप्रिलमध्ये तो "लवकर देतो" म्हणत होता, मेमध्ये तिसरा कंटेनर मागून घेतला, आणि रंग जून महिन्यात जायला लागला. पैसे थकलेल्या ग्राहकाच्या टॉवेलचा रंग साधारण तिसऱ्या रिमाइंडरनंतर जातो, हा आमच्या धंद्यातला नियम आहे, कुठल्या लॅबने तपासलेला नाही.

शहाणा माणूस इथे काय लिहितो ते फक्त माहितीसाठी सांगतो, तुम्ही करू नका. तो लिहितो की माल अमुक तारखेला मिळाला, तीन महिने तक्रार नव्हती, पाठवण्याआधीचा इन्स्पेक्शन रिपोर्ट सोबत जोडलाय, आयएसओ १०५-सी०६ प्रमाणे धुण्याच्या टेस्टचा निकाल सोबत आहे, तुमच्याकडे उलट रिपोर्ट असेल तर नमुन्यासकट पाठवा, आणि बिलाची रक्कम पूर्ण बाकी आहे. आणि हाच मेल त्याच दिवशी इन्शुरन्सवाल्यांना पण फॉरवर्ड करतो.

मी लिहिलं, "सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स, वी विल गिव्ह टेन पर्सेंट डिस्काउंट." माझ्याकडे टेस्ट रिपोर्ट होता हो, कपाटात, वरच्या कप्प्यात! पण म्हटलं वाद कशाला, दहा टक्के गेले तर गेले. ते दहा टक्के फक्त माझ्या मनातले, कागदावर मी कबूल केलं की माल खराब आहे. आणि क्रेडिट इन्शुरन्स ग्राहकाच्या न देण्याला असतो, खराब मालाला नाही. ग्राहकाने क्वालिटीचा वाद काढला की पॉलिसीवाले म्हणतात, आधी तो वाद मिटवून या, नाहीतर त्याच्या देशातल्या कोर्टाचा निकाल तुमच्या बाजूने आणा, मग बघू. म्हणजे मला जर्मनीत वकील लावून हे सिद्ध करायचंय की माल चांगला होता, आणि समोरचा माझाच मेल कोर्टात दाखवणार की बघा, सॉरी म्हणालाय.

आता क्लेमची नोटीस. माझ्या पॉलिसीत ड्यू डेटनंतर ४ महिने थांबून क्लेम करता येत होता, म्हणजे पहिल्या बिलाचा ११ ऑगस्टपासून, दुसऱ्याचा २० सप्टेंबरपासून, आणि शेवटची मुदत ड्यू डेटपासून १२ महिने. मी पाठवली २८ मार्च २०२५ ला, १४ दिवस हातात ठेवून, म्हटलं घाई नको. विषयाच्या ओळीत लिहिलं, "एकूण थकबाकी १,०९,३०० डॉलर". तिन्ही बिलं, जाडजूड फाइल, सगळे मेल आणि व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट तारखेप्रमाणे लावलेले, हात जोडलेल्या इमोजीसकट, मीच लावले, कारण पॉलिसीत पत्रव्यवहार पूर्ण द्या असं लिहिलंय आणि मी नियमाने चालणारा माणूस आहे.

तिकडून एका बाईंचा फोन आला, आवाज शांत. म्हणाल्या, "साहेब, तिसरं बिल कव्हरमध्येच नाही. उरलेली दोन लिमिटच्या वर आहेत, ७५ हजारच धरता येतील, त्याचे ९० टक्के म्हणजे साडेसदुसष्ट हजार, म्हणजे सगळं बरोबर असतं तर."

मी विचारलं, "असतं तर म्हणजे?"

"ते जून महिन्यातलं सॉरी तुम्ही का लिहिलंत?"

मी म्हटलं, "मॅडम, संस्कार."

मग त्यांनी लेखी प्रश्न पाठवले. मुदतवाढीची परवानगी कुठे आहे, प्रोटेस्ट का नाही, मे आणि जूनची थकबाकी निरंक कशी, क्वालिटीच्या वादाची सद्यस्थिती काय, वसुलीसाठी तुम्ही काय पावलं उचललीत. शेवटच्या प्रश्नावर मी बराच वेळ बसलो, कारण पावलं एकच उचलली होती, दिवाळीला त्याला काजूकतली कुरियर केली होती. त्याची पावती मात्र मी जोडली.

फाइल अजून उघडी आहे. जर्मन वकिलाचं कोटेशन आलंय, ते मी उलटं करून टेबलावर ठेवलंय. आणि गेल्या मंगळवारी ग्राहकाचा मेसेज आला, ख्रिसमससाठी दोन कंटेनर लागतील, लाल रंगात, रेट काय देता, आणि या वेळी रंग पक्का असू द्या.

सॅम्पल पाठवलेत. कुरियरचे पैसे आपणच भरले, पहिल्याच दिवशी त्याच्याकडे कुठे मागायचे.