ब्रॅकेट लावली म्हणजे स्टॉप लागलाच असं नाही

"ब्रॅकेट ऑर्डर टाकली की स्टॉप आणि टार्गेट दोन्ही आपोआप लागतात, एक भरलं की दुसरं लगेच रद्द होतं. स्क्रीन बघायची गरजच नाही, लॉस ठरवलाय त्याच्यापेक्षा जास्त जाऊच शकत नाही."

एंट्रीला तोटा थांबवणारा स्टॉप आणि नफा घेणारं टार्गेट आधीच जोडून टाकलेल्या ब्रॅकेट ऑर्डरबद्दल बरेच जण असं सांगतात. त्यातलं आधी "आपोआप लागतात" घेऊ. लागतात, पण एंट्री भरल्यावर, आणि एंट्री अर्धवट भरली तर काय करायचं हे प्रत्येक सिस्टीमने आपापलं ठरवलेलं असतं. समजा ३०० शेअर २०० ला लिमिट लावून घ्यायचेत, टार्गेट २०६, स्टॉप १९७. भाव २०० ला टेकला, १२० मिळाले आणि भाव वर निघून गेला. काही ठिकाणी जेवढे भरले तेवढ्याच १२० चे स्टॉप-टार्गेट लगेच लागतात, हे उत्तम. काही ठिकाणी मात्र पूर्ण ३०० भरेपर्यंत दोन्ही झोपलेलेच राहतात, म्हणजे भाव २०६ ला जाऊन आला तरी तुमचं काहीच विकलं जात नाही.

यातला खरा धोका पुढे आहे आणि तो फार कमी लोक सांगतात. तुम्ही म्हणता आता उरलेले १८० नकोत, आणि एंट्री रद्द करता. पूर्ण भरण्याची वाट बघणाऱ्या सिस्टीममध्ये एंट्री आता कधीच "पूर्ण" होणार नाही, त्यामुळे तिला जोडलेले स्टॉप आणि टार्गेटही तिच्यासोबतच रद्द होऊ शकतात. हातात १२० शेअर आणि खाली स्टॉप नाही. माझ्याबाबतीत हेच झालं होतं, पोझिशनच्या पानावर १२० दिसत होते म्हणून मी निश्चिंत, ऑर्डर बुक उघडलं तेव्हा एकही ऑर्डर पेंडिंग नाही. दिवस संपल्यावर एंट्रीची मुदत संपली तरी असंच होऊ शकतं.

जिथे १२० चे लगेच लागतात तिथेही उरलेल्या १८० ची एंट्री जिवंत असते हे लक्षात ठेवा. टार्गेट २०६ ला भरलं, तुमच्या मते ट्रेड झाला, पण भाव परत २०० ला आला की ते १८० भरतात आणि नको असलेली नवी पोझिशन उभी राहते. म्हणून टार्गेट किंवा स्टॉप यातलं काहीही भरलं की उरलेली एंट्री रद्द झाली का ते आधी बघायचं.

"एक भरलं की दुसरं रद्द होतं", यात "भरलं" म्हणजे किती? आता एंट्री पूर्ण ३०० भरलीय असं धरू. टार्गेटला २०० विकले गेले, १०० राहिले आणि भाव मागे फिरला. स्टॉप पूर्णच रद्द करणारी सिस्टीम असेल तर ते १०० उघडे पडले. स्टॉपला हातच न लावणारी असेल तर १९७ ला ३०० विकले जातील, म्हणजे हातात नसलेले २०० विकून तुम्ही शॉर्ट झालात. बरोबर वागणारी सिस्टीम स्टॉपची क्वांटिटी ३०० वरून १०० करते. तुमच्याकडे यातलं कुठलं चालतं ते भर ट्रेडमध्ये कळण्यापेक्षा आधी नियमांत वाचा, नाहीतर लहान क्वांटिटीत करून बघा.

"लगेच" हा शब्दही खटकतो. रद्द करा असा निरोप जायला वेळ लागतो, थोडा का असेना, आणि वेगात हलणाऱ्या भावात तेवढ्यात दुसरी बाजूही भरू शकते. स्क्रीनवर रद्दची विनंती गेलीय असं दिसत असताना ऑर्डर अजून बाजारातच असते. म्हणून हाताने दुरुस्ती करायची असेल तर आधी टार्गेट रद्द करायचं, रद्द झाल्याचं कन्फर्मेशन यायची वाट बघायची, त्याच्यासोबत स्टॉपही रद्द झालेला नाही ना ते तपासायचं, मग खरंच किती शेअर उरलेत ते बघून स्टॉप तेवढ्यावर आणायचा. या सगळ्यात स्टॉप काढायचा नाही, फक्त क्वांटिटी बदलायची, कारण काढून नवीन टाकेपर्यंतचा वेळ उघडाच जातो.

लॉस ठरलेल्यापेक्षा जास्त जात नाही म्हणणाऱ्यांना एवढंच, की स्टॉप ट्रिगर झाला की मार्केट ऑर्डर होते आणि भाव गॅप मारून १९२ ला उघडला तर १९२ च्या आसपासच विकलं जाणार. ३ पॉइंटचा हिशोब ८ वर जातो. स्टॉप-लिमिट लावली तर भाव तुमच्या हातात राहतो, पण लिमिटच्या खाली उघडला तर विकलंच जात नाही.

मी आता प्रत्येक फिलनंतर दोनच आकडे बघतो, हातातली क्वांटिटी आणि पेंडिंग स्टॉपची क्वांटिटी. दोन्ही सारखे नसले की आधी ते जुळवतो, टार्गेटचं नंतर बघतो.